पहिल्या माहितीपटाचं डिरेक्टर्स स्टेटमेंट: आधी नातं सांगा, मग निर्णय

लघु माहितीपट पूर्ण झाला, रंगसंस्कार आणि ध्वनिमिश्रण झालं, सबटायटल्स तपासून झाली. आता महोत्सवाचा फॉर्म भरायचा आहे. सारांश लिहून होतो, स्वतःची चार ओळींची ओळखही जमते, आणि मग ‘Director Statement’, म्हणजे आपल्या फिल्मबद्दलचं दिग्दर्शकाचं निवेदन, असं लिहिलेली रिकामी चौकट समोर येते. बहुतेक जण ती शेवटच्या रात्री भरतात, तीही निधीसाठी केलेल्या जुन्या प्रस्तावातला परिच्छेद उचलून. संकलक म्हणून मी नव्या दिग्दर्शकांची अशी बरीच स्टेटमेंट्स वाचते. वाचताना खटकतं ते एकच. फिल्म पाहून मनात जो प्रश्न येतो, त्याचं उत्तर सोडून बाकी सगळं तिथे लिहिलेलं असतं.

माहितीपटाच्या बाबतीत तो प्रश्न जवळजवळ नेहमी सारखाच असतो. कॅमेऱ्यासमोरची माणसं आणि कॅमेऱ्यामागचा माणूस यांचं एकमेकांशी नातं काय आहे, आणि त्या नात्यामुळे फिल्म अशी का झाली? कथापटाच्या दिग्दर्शकाला हे कोणी फारसं विचारत नाही. माहितीपटात खरी माणसं असतात. फिल्म संपल्यावरही त्यांना त्याच गावात, त्याच मालकाकडे, त्याच शेजाऱ्यांमध्ये राहायचं असतं, म्हणून तिथे हे विचारलंच जातं. या लेखात मी या एकाच धाग्यावर थांबणार आहे.

हा मजकूर कोण वाचतं

पहिला वाचक म्हणजे प्राथमिक निवड करणारा. त्याच्यापुढे फिल्म्सची रांग असते. काही जण फिल्म पाहण्याआधी स्टेटमेंट वाचतात, काही जण मुद्दाम नंतर वाचतात. तुमचा वाचक यातला कुठला हे तुम्हाला कळणार नाही, त्यामुळे मजकूर दोन्ही क्रमांनी वाचून चालला पाहिजे. दुसरा वाचक निवड झाल्यानंतर येतो. तो कॅटलॉगचा संपादक असतो आणि हाच मजकूर कापून छापतो. तिसरा असतो खेळानंतर तुमच्याशी मंचावर बोलणारा सूत्रसंचालक. त्याचा पहिला प्रश्न बहुधा तुमच्या स्टेटमेंटमधूनच निघतो.

चौथा वाचक नव्या दिग्दर्शकांच्या लक्षातच येत नाही. फिल्ममधली माणसं, त्यांची मुलं, त्यांचे मालक हेही हा मजकूर वाचतात. कॅटलॉग आता इंटरनेटवर असतो आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतो. म्हणून स्टेटमेंटमध्ये लिहिलेली प्रत्येक खासगी गोष्ट तुम्ही जाहीर केली असं धरून चाला.

आता फॉर्ममधल्या इतर चौकटींपासून हा मजकूर वेगळा कसा, ते पाहू. फिल्ममध्ये काय घडतं ते सारांश सांगतो. ओळखीच्या चौकटीत तुम्ही कोण, कुठे शिकलात, आधी काय काम केलं हे येतं. फिल्म कशी होईल हे प्रस्तावात असतं, आणि तो भविष्यकाळात लिहिलेला असतो. स्टेटमेंट लिहिताना फिल्म पुरी झालेली असते, म्हणून त्यात तुम्ही घेतलेले निर्णय भूतकाळात येतात. ‘ही फिल्म स्थलांतराचा शोध घेईल’ असं वाक्य दिसलं की जुना प्रस्ताव चिकटवलाय हे वाचणाऱ्याला लगेच कळतं.

एक उदाहरण घेऊ

हे उदाहरण मी लेखासाठी रचलेलं आहे, पण त्याची पार्श्वभूमी कोकणातल्या कोणालाही ओळखीची वाटेल. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या हापूसच्या बागा राखायला अनेक ठिकाणी नेपाळी माणसं असतात. मोहोर येण्याच्या सुमाराला ती येतात. फवारणीला मदत करायची, माकडं हाकायची, फळ धरलं की रात्रीची राखण करायची, मग झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, आंबे उतरवायचे, आणि पावसाच्या तोंडावर गावी परतायचं, असा त्यांचा हंगाम असतो.

समजा देवगडजवळच्या एका बागायतदाराच्या मुलीने अशाच एका जोडप्यावर 22 मिनिटांची पहिली फिल्म केली आहे. जोडपं तिच्या वडिलांकडेच कामाला आहे आणि बागेतल्या मांगरात, म्हणजे तिथल्या साध्या खोपटात राहतं. त्यांची मुलं नेपाळमध्ये आजीपाशी आहेत. स्टेटमेंटचा तिचा पहिला खर्डा असा होता:

‘लहानपणापासून मला गोष्टी सांगण्याची आवड आहे. स्थलांतर ही आजच्या जगातली ज्वलंत समस्या आहे. घरापासून दूर राहून कष्ट करणाऱ्या, ज्यांना आवाज नाही अशा माणसांना आवाज मिळवून देण्याचा हा माझा प्रामाणिक प्रयत्न आहे. अत्यंत मर्यादित साधनांत बनलेली ही फिल्म प्रेक्षकांना अंतर्मुख करेल अशी आशा आहे.’

यातलं काहीच खोटं नाही, तरी यातलं एकही वाक्य या फिल्मचं नाही. ऊसतोडीवरच्या, वीटभट्टीवरच्या किंवा मच्छीमार बोटीवरच्या फिल्मखाली हाच परिच्छेद छापला तरी कोणाला काही वेगळं जाणवणार नाही. आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट यात लपून राहिली आहे. बाग दिग्दर्शिकेच्या घरची आहे, हे कुठेच आलेलं नाही. फिल्म पाहणाऱ्याला ते सहाव्या मिनिटाला कळतं, कारण जोडपं तिला ‘मालकाची मुलगी’ म्हणून हाक मारतं. मग तो स्टेटमेंटकडे परत येतो. तिथे ‘आवाज मिळवून देण्याचा प्रयत्न’ असं वाचल्यावर त्याचा विश्वास उडतो, आणि तो परत मिळवायला दुसरी संधी नसते.

कच्चा माल कसा गोळा करायचा

लिहायला बसण्याआधी संकलन संपून लॉक झालेली फिल्म एकदा सलग पाहा. हातात वही नको, मध्ये थांबवणंही नको. ती संपली की फोनवर रेकॉर्डिंग लावा आणि एखाद्या मित्राला पुढचे प्रश्न विचारायला सांगा. उत्तरं बोलूनच द्या. लिहायला घेतलं की माणूस भाषणाच्या भाषेत शिरतो, बोलताना सहसा तसं होत नाही.

काय टिपायला गेला होतास आणि शेवटी हाती काय आलं? या माणसांनी तुला जवळ का येऊ दिलं, आणि ती नाही म्हणू शकत होती का? काय चित्रित केलं नाहीस, किंवा केलेलं काय काढून टाकलंस? कॅमेरा कुठे ठेवायचा नाही हे कसं ठरलं? फिल्म त्यांना दाखवलीस का, आणि ती काय म्हणाली?

आपल्या दिग्दर्शिकेने ‘नाही म्हणू शकत होती का’ या प्रश्नावर बराच वेळ काही उत्तर दिलं नाही. मग तिने सांगितलं की पगाराचा हिशोब वडील ठेवतात, म्हणून परवानगी तिने त्यांच्या मार्फत मागितली नाही. वडील देवगडला गेलेले असताना तिने दोघांना वेगवेगळं विचारलं. त्याआधी वडिलांकडून कबूल करून घेतलं होतं की जोडप्याने नकार दिला तरी त्यांच्या कामाला धक्का लागणार नाही.

पुढे बोलता बोलता आणखी एक गोष्ट निघाली. बाई रोज संध्याकाळी बांधावर, जिथे रेंज मिळते तिथे उभी राहून मुलांशी फोनवर बोलायची, आणि ते तिच्या संमतीने चित्रित झालं होतं. पण दिग्दर्शिकेला नेपाळी येत नाही. संकलनाच्या वेळी भाषांतर हातात आलं तेव्हा कळलं की त्यात मालकाच्या घराबद्दलचं बोलणंही आहे. कॅमेरा चालू ठेवायला दिलेली परवानगी या बोलण्याला लागू होते असं तिला धरवेना. तिने ते सगळे तुकडे बाईला दाखवून पुन्हा विचारलं. एक तुकडा बाईने काढायला लावला. घराबद्दलचा मात्र राहू दे म्हणाली.

एवढं बोलणं झाल्यावर स्टेटमेंटचा कच्चा माल तयार होता. पहिल्या खर्ड्यात यातलं अक्षरही नव्हतं.

धागा एकच निवडा

अशा रेकॉर्डिंगमधून सहसा तीन-चार विषय निघतात. या फिल्मच्या बाबतीत मुलांपासून दुरावलेली आई हा एक, बदलत्या हवामानामुळे बागायतीचं बिघडलेलं गणित हा दुसरा, आणि मालकाची मुलगी आणि राखणदार यांच्यातलं अंतर हा तिसरा. 200 शब्दांत तिन्ही कोंबले तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन वाक्यं येतात आणि ती दोन्ही सर्वसाधारण होतात.

निवड करायची एक साधी चाचणी आहे. यातली कुठली गोष्ट फिल्म पाहणाऱ्याला तुम्ही सांगितल्याशिवाय कळणार नाही? आईचा दुरावा पडद्यावर स्वच्छ दिसतो. हवामानाबद्दल फिल्ममध्ये एकच प्रसंग आहे. परवानगी कशी घेतली आणि काय काढलं, हे मात्र पडद्यावर दिसत नाही आणि फिल्मचा आकार त्यानेच ठरला आहे. म्हणून धागा तिसरा.

इथे नव्या दिग्दर्शकाला भीती वाटते की आपण मालकाच्या घरातले आहोत हे सांगितलं तर फिल्म नापास होईल. माझा अनुभव उलट आहे. जवळचं नातं हा दोष नाही, ते न सांगणं हा दोष आहे. निष्ठा जैन यांनी 2007 मध्ये ‘लक्ष्मी अँड मी’ या माहितीपटात स्वतःच्या घरी काम करणाऱ्या बाईलाच कॅमेऱ्यासमोर आणलं, आणि मालकीण असणं हा फिल्मचाच विषय केला. माहितीपट निवडणाऱ्यांना हा प्रश्न जुना आहे. तुम्ही तो कसा हाताळलात एवढंच त्यांना पाहायचं असतं.

तयार झालेला मजकूर

रेकॉर्डिंगवरून तिने शेवटी लिहिलं ते असं:

‘ही फिल्म देवगडजवळच्या ज्या आंब्याच्या बागेत घडते ती माझ्या वडिलांची आहे. बाग राखणारं जोडपं नेपाळहून हंगामासाठी येतं आणि पावसाच्या तोंडावर परत जातं. ते आमच्याकडे कामाला असल्यामुळे त्यांचा होकार किती मोकळा आहे ही शंका मला सुरुवातीपासून होती. वडील घरी नसताना मी दोघांना वेगवेगळं विचारलं. नकार आला तरी कामावर परिणाम होणार नाही, हे वडिलांकडून आधी कबूल करून घेतलं होतं.

मला राखणीच्या रात्री टिपायच्या होत्या. फिल्ममध्ये मात्र संध्याकाळचे फोन जास्त आहेत. मला नेपाळी येत नाही. राखणदार बाई मुलांशी काय बोलते ते मला संकलनाच्या वेळी, भाषांतर झाल्यावर कळलं. त्यात आमच्या घराबद्दलचं बोलणंही होतं. ते सगळे प्रसंग मी तिला दाखवले. एक तिने काढायला सांगितला, तो काढला. आमच्याबद्दलचा तिने राहू दिला, तो फिल्ममध्ये आहे.

कॅमेरा आमच्या घरात जात नाही. अंगणाच्या पायरीशी थांबतो, कारण राखणदारही तिथपर्यंतच येतात. मी त्या घरात लहानाची मोठी झाले, पण ही गोष्ट मला कॅमेरा लावल्यावर दिसली.’

पहिल्याच वाक्यात नातं आलं आहे. त्यासाठी वेगळा सूर लावलेला नाही, माहिती म्हणून सांगितलं आहे. ‘मला अपराधी वाटतं’ असं ती कुठेही म्हणत नाही, आणि ते बरोबर आहे. अपराधीपणा लिहिला की वाचणाऱ्याचं लक्ष राखणदारांवरून उडून दिग्दर्शिकेवर जातं. काय केलं ते सांगितलं की तिला काय वाटलं असेल ते त्यातून कळतंच. संमतीबद्दलची वाक्यंही शाबासकी मागत नाहीत. कोणाला, कधी, कोणाच्या गैरहजेरीत विचारलं एवढंच त्यात आहे. ‘आम्ही नैतिकतेचं संपूर्ण भान ठेवलं’ असं लिहिलं असतं तर ते कोणाला तपासता आलं नसतं.

शेवटचा परिच्छेद मला सगळ्यात मोलाचा वाटतो. त्यात मांडणीचा एक निर्णय आहे, तो पडद्यावर दिसतो, आणि त्याचं कारण विषयातून आलेलं आहे. असा एकच निर्णय सांगा. ‘लांब शॉट्स, नैसर्गिक प्रकाश आणि निरीक्षणात्मक शैली वापरली आहे’ ही यादी झाली, त्यातून वाचणाऱ्याला काही कळत नाही. कॅमेरा पायरीशी थांबतो हे वाचल्यावर मात्र फिल्म पाहताना त्याची नजर त्या पायरीवर जाते.

काय मुद्दाम लिहायचं नाही

या मजकुरात एक गोष्ट नाही, आणि ती विसरलेली नाही. जोडप्याने हंगामाआधी उचल घेतलेली आहे आणि ती फेडेपर्यंत बाग सोडणं त्यांना अवघड आहे. दिग्दर्शिकेला हे माहीत आहे. फिल्ममध्ये ते येत नाही, कारण नवऱ्याने त्याबद्दल कॅमेऱ्यासमोर बोलायला नकार दिला. मग ते स्टेटमेंटमध्येही येता कामा नये. जे पडद्यावर आणायला माणसाने मनाई केली ते कॅटलॉगमध्ये छापायची परवानगी तुम्हाला मिळालेली नसते. मजकूर वजनदार व्हावा म्हणून अशी माहिती घालायचा मोह होतो, आणि नेमकी तीच माणसाला गोत्यात आणते. नेपाळमधलं त्यांचं गाव आणि मुलांची शाळा गाळली आहे तीही याच कारणाने.

दुसरी गोष्ट पैशांची आणि कष्टांची. कॅमेरा उसना आणला, रात्री डास चावले, सुट्ट्या संपल्या, हे मुलाखतीत विचारलं तर सांगा. अपवाद एकच. साधनांच्या मर्यादेमुळे फिल्मचा आकार बदलला असेल तर एक वाक्य जरूर लिहा. अंधारात चालेल असा कॅमेरा नसल्यामुळे रात्रीचे प्रसंग फक्त आवाजावर उभे राहिले असतील, तर ती मर्यादा नसून मांडणी आहे.

आणि ‘ही माझी पहिलीच फिल्म आहे, चुका पदरात घ्या’ अशा अर्थाचं काही नको. पहिली फिल्म असल्याचं फॉर्ममध्ये वेगळं विचारलेलं असतं, तिथे खूण करा. काही महोत्सवांत पदार्पणासाठी वेगळा पुरस्कार असतो आणि ती खूण राहिली तर तुमची फिल्म त्यासाठी धरली जात नाही.

लांबी, भाषा आणि महोत्सव

फॉर्ममध्ये मर्यादा दिलेली असेल तर ती पाळा, आणि ती शब्दांची आहे की अक्षरांची ते नीट पाहा. मर्यादा नसेल तर 150 ते 250 शब्द पुरेसे होतात. मी नेहमी दोन प्रती करायला सांगते, एक पूर्ण आणि एक 60 ते 80 शब्दांची. छोटी प्रत करताना प्रत्येक परिच्छेद थोडा थोडा छाटू नका, एक परिच्छेद पूर्ण गाळा. या उदाहरणात पहिल्यातली नात्याची तीन वाक्यं आणि शेवटचा परिच्छेद राहील, फोनचा जाईल.

मजकूर बहुतेक ठिकाणी इंग्रजीत द्यावा लागतो. तरी बोलणं आणि पहिला खर्डा मराठीतच होऊ द्या. इंग्रजी करताना ओळीला ओळ लावत बसू नका. काय सांगायचंय ते डोक्यात ठेवून छोट्या वाक्यांत नव्याने लिहा. मांगर, झेला यांसारखे शब्द फिल्मच्या सबटायटल्समध्ये जसे आले आहेत तसेच इथे यावेत. माणसांची नावं, फिल्मचं नाव आणि कालावधी हे पोस्टर, श्रेयनामावली आणि फॉर्म या तिन्ही ठिकाणी एकसारखे आहेत ना, ते शेवटी एकदा ताडून पाहा. 22 मिनिटांची फिल्म फॉर्ममध्ये 25 ची दिसली की जुनी प्रत पाठवली का, अशी विचारणा होते.

प्रत्येक महोत्सवासाठी नवं स्टेटमेंट लिहायची गरज नाही. संदर्भाचं एखादं वाक्य मात्र बदलावं लागतं. 1990 पासून चालत आलेल्या मुंबईच्या ‘मिफ’ महोत्सवाला हीच फिल्म पाठवली, तर हापूसचा हंगाम काय असतो ते समजावण्याची गरज नाही. काठमांडूच्या ‘फिल्म साउथएशिया’ला पाठवताना तिथे एक वाक्य घाला, की मोहोरापासून उतरणीपर्यंत काही महिने बागेत रात्रंदिवस माणूस लागतो. उलट नेपाळी माणसं भारतात कामाला का आणि कशी येतात, हे त्या वाचकाला तुम्ही सांगायला नको. ऍमस्टरडॅमच्या ‘इडफा’साठी दोन्ही बाजूंचं एकेक वाक्य लागेल. 1950 च्या करारानुसार नेपाळी नागरिकांना भारतात यायला आणि काम करायला व्हिसा लागत नाही, हे युरोपातल्या वाचकाला माहीत असेलच असं नाही. ते माहीत नसेल तर तो या जोडप्याला बेकायदा आलेलं समजू शकतो.

पाठवण्याआधीच्या तपासण्या

मजकूर अशा माणसाला द्या ज्याने फिल्म पाहिलेली नाही. वाचून झाल्यावर विचारा, फिल्ममध्ये काय दिसेल असं वाटतं? मग फिल्म दाखवा. त्याने सांगितलेलं आणि पडद्यावरचं यात मोठा फरक पडला, तर स्टेटमेंट दुसऱ्याच फिल्मचं आहे. असं बहुतेक वेळा घडतं ते शूटिंगच्या काळातल्या हेतूवर मजकूर लिहिल्यामुळे. संकलनात फिल्म बदललेली असते आणि मजकूर मागेच राहतो.

दुसरी तपासणी फिल्ममधल्या माणसांबरोबर करायची. या उदाहरणात दिग्दर्शिकेने मजकूर दोघांना, नेपाळी जाणणाऱ्या भाषांतरकाराला फोनवर घेऊन, वाचून दाखवायला हवा. ‘आमच्या घराबद्दलचं बोलणं’ हे शब्द छापून येणार आहेत आणि तिचे वडील ते वाचणार आहेत. बाईने प्रसंग राहू दिला म्हणून त्याचा छापील उल्लेखही तिला चालेल असं गृहीत धरता येत नाही. ती नको म्हणाली तर ते वाक्य काढायचं. ‘सगळे प्रसंग मी तिला दाखवले. एक तिने काढायला सांगितला, तो काढला’ एवढ्यावरही परिच्छेद उभा राहतो.

मग मजकूर साध्या टेक्स्टमध्ये चिकटवा. ठळक, तिरकी अक्षरं आणि कधी परिच्छेदांमधली जागासुद्धा फॉर्ममध्ये उडून जाते, म्हणून जतन केल्यावर प्रिव्ह्यू उघडून पाहा.

निवड झाल्याचा मेल आला की कॅटलॉगसाठी मजकूर मागतात, किंवा न विचारता फॉर्ममधलाच घेतात. त्याच दिवशी उत्तरात छोटी प्रत जोडून पाठवा आणि छपाईआधीचा मजकूर पाहायला मागा. संपादकाला जागेसाठी कापायचं असतं आणि तो बहुधा शेवटापासून कापतो, त्यामुळे पायरीचं वाक्य आधी जातं. तुमची छोटी प्रत हातात असेल तर त्याला कापावं लागत नाही.